'बिशप विरुद्ध वैज्ञानिक' हे शीर्षक खोडलं : आपल्या पेपरचा प्रास्ताविक भाग

(रविवारच्या अभ्यास मंडळात हाच भाग वाचायचा आहे म्हणून बोलल्यासारखाच ठेवलाय, फायनलला भाषा थोडी इस्त्री करून देईन.)

पहिल्या ड्राफ्टला मी शीर्षक दिलं होतं 'उत्क्रांती : बिशप विरुद्ध वैज्ञानिक'. ते ज्यांना दाखवलं त्या बाईंनी पेन्सिलने सगळ्या 'चर्च' शब्दांना गोल केले, सात गोल, आणि समासात एकच प्रश्न, कुठलं चर्च, कोण माणूस, कुठलं वर्ष? मला आधी राग आला, मग बघितलं तर सातपैकी पाच ठिकाणी मलाच उत्तर माहीत नव्हतं. तर या पेपरची मांडणी त्या पाच गोलांतून निघालीय.

सुरुवात सगळे करतात तिथूनच करू. 30 जून 1860, शनिवार, ऑक्सफर्डचं नवंकोरं म्युझियम, ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिकांच्या संस्थेची सभा, डार्विनचं पुस्तक येऊन जेमतेम सात महिने झालेले. ऑक्सफर्डचा बिशप विल्बरफोर्स डार्विनची बाजू घेणाऱ्या प्राणिशास्त्रज्ञ हक्सलीला विचारतो की माकड आजोबांकडून का आजीकडून, हक्सली सणसणीत उत्तर देतो, आणि विज्ञान जिंकतं. मस्त गोष्ट आहे, मी पण शाळेत अशीच ऐकलीय. पण त्या भाषणांची शब्दशः नोंद कोणी ठेवलेलीच नाही. सगळ्यात जास्त फिरणारी आवृत्ती 1898 साली एका मासिकात आजीबाईंच्या आठवणी म्हणून छापून आली, म्हणजे 38 वर्षांनी! आणि सभेनंतर दोनच दिवसांनी डार्विनचा वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हूकरने त्याला पत्र लिहिलं त्यात तो म्हणतो की हक्सलीचा आवाज एवढ्या मोठ्या गर्दीत पोचलाच नाही, बिशपला गप्प केलं ते मी. बिशपला वाटत होतं आपण जिंकलो. म्हणजे तिघेही आपापल्या मते जिंकूनच घरी गेले.

आता बिशप. त्याने त्याच सुमारास 'क्वार्टर्ली रिव्ह्यू' या नियतकालिकासाठी पुस्तकाचं लांबलचक परीक्षण लिहिलं होतं. त्यात तो स्पष्ट म्हणतो की एखादी गोष्ट धर्मग्रंथाशी जुळत नाही म्हणून ती नाकारणाऱ्यांशी मी सहमत नाही, आणि मग कबुतरांच्या पैदाशीपासून जीवाश्मांतल्या रिकाम्या जागांपर्यंत एकेक शंका काढतो. डार्विनने ते वाचून हूकरला लिहिलं की लेख कमालीचा हुशारीने लिहिलाय, माझे नेमके अंदाजावर उभे असलेले भाग त्याने उचललेत. पण इथे थांबून बिशपला क्लीन चिट दिली तर तीही लबाडीच झाली, कारण त्याच लेखात पुढे तो हेही म्हणतो की माणूस असा प्राण्यातून आला हे माणसाबद्दलच्या ख्रिस्ती शिकवणीशी बसतच नाही. दोन्ही वाक्यं एकाच माणसाची आहेत, आणि पेपरमध्ये दोन्ही शेजारी शेजारी येतील.

सभेच्या दिवशी मुख्य निबंध वाचणारा होता अमेरिकेतला रसायनशास्त्रज्ञ जॉन विल्यम ड्रेपर. याच ड्रेपरने 1874 मध्ये धर्म आणि विज्ञान यांच्या संघर्षाचा इतिहास लिहिला, 1896 मध्ये अँड्र्यू डिक्सन व्हाइटने त्याच धाटणीचं, जास्त जाडजूड पुस्तक काढलं, आणि 'युद्ध' ही चौकट तिथून रुळली. आज इतिहासकार ती जवळपास कोणी वापरत नाहीत. मी तिला एक भिंग म्हणून नाही, तर अभ्यासाची एक वस्तू म्हणून घेणार आहे, म्हणजे ती कोणी बनवली आणि लोकांना ती एवढी का आवडली.

बाजू मोजायला बसलं की तर गंमतच होते. हार्वर्डचा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे, निष्ठावान प्रेस्बिटेरियन, अमेरिकेत डार्विनचा सगळ्यात खंदा वकील. चार्ल्स किंग्जली पाद्री, त्याने पुस्तक वाचून डार्विनला शाबासकीचं पत्र पाठवलं, डार्विनने ते दुसऱ्या आवृत्तीत नाव न घेता वापरलं, आणि त्याच आवृत्तीत शेवटच्या वाक्यात 'निर्मात्याने' हा शब्दही घातला (नंतर त्याला याचा पश्चात्ताप झाला, ते वेगळं प्रकरण). उलट बाजूला रिचर्ड ओवेन, शरीररचनेचा मोठा तज्ज्ञ, विरोधात. आणि विल्यम थॉमसन, पुढे लॉर्ड केल्विन झाला तो, त्याने 1862 मध्ये पृथ्वी थंड होण्याचं गणित मांडून वय काढलं, साधारण 2 ते 40 कोटी वर्षं, म्हणजे डार्विनला हवा तेवढा वेळच नाही! तो आकडा पुढे चुकला, पण त्या वेळी तो चांगल्या भौतिकशास्त्राचा आकडा होता. शंका घेणारा म्हणजे अंधश्रद्धाळू, हे समीकरण म्हणून मी पेपरभर वापरणार नाही. नंतर कोण बरोबर ठरलं हे आपल्याला माहितीय, त्यांना नव्हतं.

आता उलटी चूक. हल्ली एक फॅशन आहे, खरं तर काही भांडण नव्हतंच, सगळा गैरसमज. भांडण होतं. 1925 मध्ये टेनेसी राज्याने बटलर कायदा केला, बायबलमधली माणसाच्या निर्मितीची कथा नाकारून माणूस खालच्या प्राण्यांपासून आला असं सरकारी शाळेत शिकवायला बंदी. डेटन गावात जॉन स्कोप्सवर खटला, 100 डॉलर दंड, 1927 ला तांत्रिक मुद्द्यावर शिक्षा रद्द, आणि कायदा 1967 पर्यंत तसाच. हे धर्माच्या नावाने शाळेवर आणलेलं सरकारी बंधन होतं आणि त्याला तसंच म्हणणार, 'गैरसमज' वगैरे नाही. फेअर लिहायचं म्हणजे दोघांना पन्नास-पन्नास मार्क वाटायचे असं नाहीये. जीवाश्म आणि आनुवंशिकतेचा पुरावा उत्क्रांतीच्या बाजूला आहे, तिथे माझा पेपर तटस्थ नाही.

पण डेटनमध्येही नकाशा सरळ नाही. बचावाच्या बाजूने आलेला भूगर्भशास्त्रज्ञ कर्टली मॅथर बॅप्टिस्ट होता. फिर्यादीच्या बाजूचा ब्रायन शेतकऱ्यांचा नेता, त्याची एक भीती अशी की 'बळी तो कान पिळी' हे पोरांना निसर्गनियम म्हणून शिकवलं तर गरिबांचं काय. ज्या पाठ्यपुस्तकावरून खटला झाला त्यातच सुप्रजननाची, म्हणजे 'चांगल्या' वंशाच्याच लोकांना मुलं होऊ द्यावीत या विचाराची, भलामण होती, कुटुंबच्या कुटुंब समाजावरची बांडगुळं म्हणून दाखवलेली. ब्रायनचा उत्क्रांतीवरचा निष्कर्ष चूक, पण ही काळजी हवेतून आली नव्हती. हा परिच्छेद लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

शब्दांबद्दल थोडं. 'धर्म' एकटा येणार नाही, माणूस, पंथ आणि वर्ष सोबत येईल. मराठीत तर अजूनच जपायला हवं, कारण आपला 'धर्म' म्हणजे कर्तव्य, रीत, स्वभाव सगळंच. मत्स्य, कूर्म, वराह म्हणजे उत्क्रांतीच की, असं मला आत्तापर्यंत किमान तीन काकांनी सांगितलंय. तो समज रोचक आहे पण 1860 च्या ऑक्सफर्डचा पुरावा नाही, म्हणून या पेपरमध्ये दशावतार नाहीत. तसंच 'डार्विन नास्तिक' असं एका शब्दात उरकणार नाही, त्याने 1879 मध्ये एका पत्रात लिहिलंय की माणूस कट्टर आस्तिक आणि उत्क्रांतिवादी दोन्ही असू शकतो, आणि स्वतःला तो साधारण अज्ञेयवादी म्हणवतो. 1882 मध्ये त्याला पुरलं वेस्टमिन्स्टर ॲबीत.

पुढच्या भागात म्युझियमच्या त्या सभेत परत जायचंय, या वेळी हक्सलीच्या नाही तर फिट्झरॉयच्या खुर्चीवरून. ज्या बीगल जहाजावर डार्विन फिरला त्याचा हा कप्तान, त्या दिवशी प्रेक्षकांतून उठून पुस्तकाला विरोध करत होता, आणि त्याने डार्विनसोबत एकाच जहाजावर पाच वर्षं काढलेली होती.