विषय: घरगुती वीजबिलावरील मीटर रीडिंग दर महिन्याला वेगवेगळ्या दशांश पद्धतीने छापले जात असल्याबाबत

प्रति,
मा. उपकार्यकारी अभियंता,
वीज वितरण उपविभाग कार्यालय, सांगली

दिनांक : ९ जून २०२५

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी गावभागातील आपला घरगुती ग्राहक आहे. ग्राहक क्रमांक आणि मीटर क्रमांक सोबत जोडलेल्या बिलांवर आहेत. माझी सर्व बिले मुदतीत भरलेली आहेत, मे महिन्याचेही भरले आहे. थकबाकी किंवा दराबद्दल माझी तक्रार नाही. बिलावर रीडिंगचे आकडे ज्या पद्धतीने छापून येतात, त्याबद्दल आहे.

जानेवारीपासूनच्या पाच बिलांवर जसे छापले आहे तसेच येथे उतरवतो :

जानेवारी : मागील ८४१२.६, चालू ८५४७.३, वापर १३५
फेब्रुवारी : मागील ८५४७, चालू ८६७७, वापर १३०
मार्च : मागील ८६७७, चालू ८८२९,२, वापर १५२
एप्रिल : मागील ८८,२९२, चालू ९०,३४७, वापर २०५.५
मे : मागील ९०३४, चालू ९२५१, वापर २१७

मीटर एकच आहे. त्याच्या पडद्यावर kWh समोर आकडा येतो तो नेहमी एका दशांश स्थळापर्यंत. रीडिंग घ्यायला माणूस येतो त्या दिवशी मीही मीटरचा फोटो काढून ठेवतो, पाचही फोटो सोबत आहेत. बिलावर मात्र त्याच मीटरचा आकडा कधी दशांशासह येतो, कधी पूर्णांकात, मार्चमध्ये टिंबाच्या जागी स्वल्पविराम येतो आणि एप्रिलमध्ये तो स्वल्पविराम हजाराच्या जागी सरकतो. एप्रिलचे बिल वाचणारा कोणीही ते रीडिंग नव्वद हजार तीनशे सत्तेचाळीस असेच वाचेल. चालूमधून मागील वजा केले तर फरक २,०५५ युनिटचा दिसतो आणि शेजारच्या रकान्यात वापर २०५.५ लिहिलेला आहे. आकारणी २०५.५ वरच झाली, म्हणजे संगणकात आकडा बरोबर असावा. पण बिल हातात घेऊन हे कळायला मार्ग नाही, मीटरशी ताडून पाहावे लागते.

मे महिन्याकडे विशेष लक्ष द्यावे ही विनंती. एप्रिलचे बिल ९०३४.७ ला संपले. मे महिन्याचे ९०३४ पासून सुरू झाले, दशांश कापून टाकला. त्यामुळे ०.७ युनिट एप्रिलच्या २०५.५ मध्येही मोजले गेले आणि मे महिन्याच्या २१७ मध्येही. माझ्या फोटोप्रमाणे मे महिन्याचा प्रत्यक्ष वापर २१६.३ आहे. पाच महिन्यांची बेरीज केली तर मीटर ८४१२.६ पासून ९२५१.० पर्यंत गेला, म्हणजे ८३८.४ युनिट. बिलांवरील वापराची बेरीज ८३९.५ येते. फरक १.१ युनिटचा.

ही रक्कम किरकोळ आहे, हे मलाही मान्य आहे. पण मी मार्केट यार्डात अडत पेढीवर हिशेबनीस म्हणून आयुष्य काढले. हळदीच्या पट्टीवर एका ओळीत क्विंटल आणि दुसऱ्या ओळीत किलो असे न सांगता लिहिले असते, तर बेरीज बरोबर असूनही शेतकऱ्याने ती पट्टी घेतली नसती, आणि ते योग्यच ठरले असते. ज्याला पैसे भरायचे आहेत त्याला हिशेब स्वतः तपासता आला पाहिजे. मला आपल्याकडून मुख्यतः एवढेच हवे आहे.

शिवाय सगळ्यांच्याच बाबतीत हा फरक किरकोळ राहणार नाही. माझ्या बिलावर गुणक अवयव १ आहे. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसारख्या मोठ्या जोडणीवर तो २० असेल, तर असेच कापलेले ०.७ थेट १४ युनिट होतात. छतावर सोलर बसवलेल्या ग्राहकांना घेतलेली आणि परत दिलेली वीज असे दोन आकडे ताडायचे असतात, त्यांनी हे कसे करावे? आणि उद्या माझा मीटर बदलताना कोणी कागदावरचे ९०,३४७ हेच शेवटचे रीडिंग धरले तर काय, ही काळजी मला खरोखर वाटते.

रीडिंग घेणाऱ्या मुलाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तो उन्हातान्हात वेळेवर येतो, फोटो नीट काढतो. गल्लीतील दोन वयस्कर शेजाऱ्यांची बिले मीच भरतो. त्यांच्याही एप्रिलच्या बिलावर असाच स्वल्पविराम आहे, आणि त्यांचे रीडिंग वेगळ्या दिवशी झालेले आहे. त्यामुळे दोष वाचनात नसून छपाईच्या किंवा संगणकाच्या मांडणीत असावा असा माझा अंदाज आहे. जर्मनी, फ्रान्ससारख्या देशांत दशांशासाठी स्वल्पविरामच वापरतात, आणि २००३ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने टिंब व स्वल्पविराम ही दोन्ही चिन्हे ग्राह्य ठेवली आहेत. मात्र आपल्याकडे स्वल्पविराम हजार-लाखासाठी असतो, म्हणून एकाच कागदावर तो दोन्ही कामांना वापरता येणार नाही. संगणक विभागाला कळवल्यास त्यांना कारण लवकर सापडेल असे वाटते.

पूर्वीच्या चाकाच्या मीटरला शेवटचा आकडा लाल असायचा. तो सोडून वाचायचा, हे घरातल्या शाळकरी मुलालाही माहीत होते. आमचा तो मीटर ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाण्याखाली गेला आणि आपल्या कर्मचाऱ्यांनी चिखलातून वाट काढत येऊन नवीन बसवून दिला. त्या दिवसांतले त्यांचे काम मी विसरलेलो नाही. नवीन मीटर जास्त बारकाईने मोजतो, तर बिलावरही ती बारकाई एकसारखी उतरावी.

तरी आपणास विनंती की, जानेवारी ते मे २०२५ या पाच महिन्यांची रीडिंग एका दशांश स्थळासह, आपल्या नोंदीत आहेत तशी, लेखी कळवावीत. एप्रिलचे रीडिंग नोंदीत ९०३४.७ असेच आहे याची खात्री करून द्यावी. १.१ युनिटचा फरक पुढील बिलात समायोजित करावा. पुढे मागील आणि चालू रीडिंग एकाच पद्धतीने छापावे. पूर्णांकच छापायचे ठरले तरी माझी हरकत नाही, फक्त एका महिन्याचे चालू रीडिंग तेच पुढच्या महिन्याचे मागील रीडिंग असावे आणि पूर्णांक कसा करतात तो नियम बिलाच्या मागे एका ओळीत द्यावा. मोबाइल ॲपवर स्वतः रीडिंग पाठवताना टिंबानंतरचा आकडा भरायचा की नाही, तेही कृपया स्पष्ट करावे. शेजारच्या आजींना मी काय सांगू ते मला कळत नाही.

विद्युत अधिनियम, २००३ प्रमाणे ग्राहक तक्रार निवारण मंचाची सोय आहे, याची मला माहिती आहे. परंतु हे काम आपल्या कार्यालयातच होण्यासारखे आहे, म्हणून आधी आपल्याकडे लिहीत आहे. या ईमेलचा तक्रार क्रमांक आणि उत्तर साधारण कधीपर्यंत मिळेल, ते कळवल्यास आभारी राहीन.

मीटर जिन्याखाली, दारातच आहे. पाहणीसाठी कोणी येणार असल्यास सकाळी दहापर्यंत मी घरीच असतो. बिलावर नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकावर आदल्या दिवशी फोन केला तर दुपारीही थांबेन.

आपला विश्वासू,
वसंत शंकर माळी
गावभाग, सांगली

सोबत :
जानेवारी ते मे २०२५ ची पाच वीजबिले
त्याच महिन्यांतील मीटरचे पाच फोटो
दोन शेजाऱ्यांची एप्रिलची बिले, त्यांच्या संमतीपत्रासह