ताई, पडद्याकडे बघ

नमस्कार मंडळी. पाचच मिनिटं घेतो, पंगत खोळंबणार नाही. ताई, दाजी, जरा पडद्याकडे वळून बसा.

हा पहिला फोटो. 1999 ची भाऊबीज, आमच्या सांगलीच्या घरातली. ताई पाच वर्षांची, मी दोन. ऑगस्ट 2019 च्या पुरात कृष्णेचं पाणी भिंतीवरच्या या फ्रेमपर्यंत चढलं. भिजला की फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि वाळताना काचेला चिकटून बसतो. आईनं तो ओढून काढला नाही, हे तिचे उपकार. ओढला असता तर चेहरे काचेवर राहिले असते आणि हातात नुसता कागद आला असता.

म्हणून काचेसकटच त्याचा फोटो घेतला. दोन्ही बाजूंना 45 अंशांत दिवे, कॅमेऱ्यापुढे काळं कापड आणि त्याला लेन्सपुरतं भोक. कापड नसलं तर काचेत कॅमेराच दिसतो.

आता उजवा कोपरा बघा. आधी लाल, मग पिवळा, अगदी कडेला पांढराफटक. रंगीत फोटोच्या कागदात रंगांचे तीन थर असतात. वर आकाशी, मध्ये किरमिजी, तळाशी पिवळा. पाण्यानं आधी आकाशी धुतला, म्हणून लाल दिसतं. जिथं किरमिजीही गेला तिथं पिवळा तेवढा उरला. डोळ्यांना त्या पिवळ्या पट्ट्यात काहीच दिसत नाही. पण कॉम्प्युटरवर फोटोचा नुसता निळा चॅनेल उघडला, की पिवळ्या थरात राहिलेलं सगळं काळ्या-पांढऱ्यात उमटतं.

दादा, दुसरा फोटो घ्या.

ही ताईची बोटं. उजव्या हातात अक्षता, आणि या डाव्या मुठीत माझ्या सदऱ्याची पाठ. मी पाटावरून उठून पळू नये म्हणून गच्च धरलीय. कापडाला पडलेल्या चुण्यासुद्धा दिसतायत बघा. पूर ओसरल्यापासून आई म्हणत होती, तिथं ताईचा हात होता. होता, आई.

कडेच्या पांढऱ्या भागात आजीच्या लुगड्याचा काठ होता. तिथं कागदावर काहीच उरलेलं नाही, म्हणून ती जागा मोकळीच ठेवलीय. आजीचं लुगडं अंदाजानं रंगवायचं नव्हतं.

ताई, हा 12 बाय 8 इंचाचा प्रिंट तुझ्या नव्या घरासाठी. दाजी, काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंटची चौकट आहे, ती काढू नका. तिच्यामुळे फोटो काचेला टेकत नाही. आणि थेट ऊन येतं त्या भिंतीवर लावू नका, रंग उडतील. मूळ फोटो काचेसकट आईच्या कपाटात, सगळ्यात वरच्या कप्प्यात आहे.

ये ताई, घे. आई, तूही ये.