आठवणी रेकॉर्ड करण्याच्या परवानगीसाठी आबांना पत्र

दि. १२ नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप आबांस,
सा. न. वि. वि.

मागच्या महिन्यात भेटले तेव्हा तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात. "नेतात सगळेच. परत आणून देतं कोण?" मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. घरी येईपर्यंत ते मनाला लागून राहिलं होतं. म्हणून हे पत्र. धाकट्या नातीकडून वाचून घ्या आणि तिला सांगा, मधलं काही गाळायचं नाही.

मागणं असं आहे. जुनी वस्ती सोडून तुम्ही सगळे वर राहायला आलात, तो काळ आठवणारी आठ-दहा माणसं आज आहेत. त्यांच्याशी बोलावं, ते बोलणं रेकॉर्ड करावं आणि शब्द न् शब्द लिहून काढावं, याला मला तुमची परवानगी हवी आहे. प्रत्येकाशी दोन बैठका, एकेक बैठक तास-दीड तासाची. वस्ती हलल्याची नोंद सरकारी कागदांत आहे. किती घरं, किती जमीन, कोणत्या तारखेला, सगळं आहे. पण शेवटच्या रात्री चूल कुणी विझवली, गुरं आधी हलली की माणसं, कोण मागे राहायचं म्हणून हटून बसलं होतं, यातलं कागदावर काही नाही. ते तुमच्याकडे आहे.

तोंडी सांगितलेल्याला कोण विचारतं, असं तुम्ही हसत म्हणाला होतात. विचारतात, आबा. कॅनडात गिटक्सान आणि वेत्सुवेतेन या समाजांनी आपल्या जमिनीसाठी दावा लावला, तेव्हा पुरावा म्हणून त्यांच्या वडीलधाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या ऐकलेला इतिहास कोर्टात सांगितला. खालच्या कोर्टाने त्याला फारशी किंमत दिली नाही. १९९७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा इतिहासाला लेखी कागदांच्या बरोबरीने तोललं पाहिजे. पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्याला वजन असतं ते उलटूही शकतं. बांध, वाटण्या, कुणाचं कुणाशी बिनसलं होतं, हे रेकॉर्डिंगमध्ये आलं तर उद्या भलताच माणूस ते वापरेल. म्हणून एखादी गोष्ट सांगताना कुणी "हे बंद कर" म्हणालं, तर मी तिथल्या तिथे बंद करेन. नंतर आठवलं तरी तेवढा भाग काढून टाकेन.

रेकॉर्डर तळहाताएवढा आहे. समोर ठेवते, लाल दिवा लागला की चालू आहे असं समजायचं. लपवून काही करणार नाही. फोटो किंवा व्हिडिओ यात नाही, फक्त आवाज.

खरं काम पुढे असतं. तासभराचं बोलणं लिहायला मला सहा ते आठ तास लागतात, दोघं-तिघं एकदम बोलली तर त्याहून जास्त. आणि इथे मी एकदा चांगलीच चुकले आहे, तेही सांगते. एका आजींनी त्यांच्या पहिल्या मुलाबद्दल सांगताना बराच वेळ थांबून एवढंच म्हटलं होतं, "मग… गेलं ते." मी घरी बसून शहाणपणाने लिहिलं, "त्यानंतर ते मूल दगावले." मजकूर वाचून दाखवायला गेले तर आजींनी मला मध्येच थांबवलं. म्हणाल्या, "मी दगावलं म्हटलंच नाही. मी म्हटलं, गेलं." बराच वेळ त्यांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. तेव्हापासून मी बोलणं सुधारत नाही. जसं बोललं तसंच लिहिते, थांबलेलं तिथे टिंबं देते, इथले शब्द इथलेच ठेवते. लिहून झालं की ज्याचं त्याला पूर्ण वाचून दाखवते. त्याने "हो, हे माझंच" म्हटल्याशिवाय ते पुढे जात नाही.

दोन जणांनी एकच गोष्ट वेगवेगळी सांगितली तर खरं कोणतं हे मी ठरवणार नाही. दोन्ही लिहीन. तुम्हालाही ठरवायला सांगणार नाही, नाहीतर उगाच भांडण लावून दिल्यासारखं व्हायचं.

आता परवानगीचं. तुम्ही हो म्हटलंत म्हणजे सगळ्यांनी हो म्हटलं, असं मी धरणार नाही. प्रत्येकाला वेगळं विचारीन, आणि कुणी नको म्हटलं तर त्याला पटवायला तुम्हाला पुढे करणार नाही. बायकांशी बोलताना घरातली पुरुषमंडळी तिथे नसावीत, एवढं मात्र तुम्ही सांगितलंत तर बरं होईल. माझं त्यांना ऐकायला जड जाईल. नाव द्यायचं की बदलायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. आणि बाहेरच्याला सांगायच्या नसतात अशा काही गोष्टी तुमच्यात असतीलच. त्या मी विचारणार नाही, कोणी ओघात बोलून गेलं तर तुम्हाला विचारल्याशिवाय ठेवणार नाही.

रेकॉर्डिंग कुणाचं? ज्याने सांगितलं त्याचं. ऑस्ट्रेलियात वारुमुंगू नावाचा समाज आहे. जपून ठेवायच्या पवित्र वस्तूंची जी पिशवी असते तिला ते मुकुर्तु म्हणतात. तिच्यातलं पाहायचं तर आधी वडीलधाऱ्यांना विचारावं लागतं. त्यांच्या आठवणी आणि फोटो सांभाळणाऱ्या संगणकाच्या व्यवस्थेला त्यांनी तेच नाव दिलं, आणि कोणी काय पाहायचं हे तीच माणसं ठरवतात. आपलं एवढं मोठं नाही. आपण तीन प्रती करू. एक तुमच्या ताब्यात, वस्तीसाठी. एक माझ्याकडे. तिसरी विद्यापीठाच्या ग्रंथालयात, पण तीही तुम्ही हो म्हणाल तरच आणि तुम्ही म्हणाल तेवढीच खुली. मी यावर प्रबंध लिहिणार आहे, त्यातून मला पदवी मिळेल. माझा यात फायदा आहे हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

दिलेली परवानगी कधीही परत घेता येईल, फक्त एक अडचण आहे. प्रबंध छापून झाल्यावर त्यात गेलेली वाक्यं मला पुसता येणार नाहीत. रेकॉर्डिंग नष्ट करता येईल, छापलेलं नाही. म्हणून छपाईला देण्याआधी तुमच्या लोकांची कोणती वाक्यं घेतली आहेत ते मी येऊन वाचून दाखवीन.

गुरुवारी २१ तारखेला सकाळी येते. रेकॉर्डर आणणार नाही. तुम्हाला आणखी चार जणांचा विचार घ्यायचा असेल तर त्यांनाही बोलावून ठेवा, हेच सगळं त्यांच्यापुढे पुन्हा सांगेन. नको असं ठरलं तर तसं सांगा. कारण द्यायची गरज नाही.

घरातल्या सगळ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपली नम्र,
वसुधा

ता. क. तुमच्या थोरल्या भावाचा आवाज टेप करून नेला आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही, असं तुम्ही ज्यांच्याबद्दल सांगितलंत, त्यांच्या संस्थेत मी चौकशी केली. कपाटात वस्तीच्या नावाच्या दोन कॅसेट आहेत. लेबल मी स्वतः पाहिलं, पण वाजवू दिल्या नाहीत. जुनी टेप वाजवताना तुटू शकते, तेव्हा आधी नीट डिजिटल प्रत करून घ्यावी लागेल. तसा अर्ज मी दिला आहे. या पत्राला तुम्ही नाही म्हणालात तरी त्याचा पाठपुरावा मी सोडणार नाही. अर्जावर घरच्या माणसाची सही लागते, तेवढा कागद गुरुवारी सोबत आणते.