मंगळवार ते शनिवार: चार दिवसांच्या आठवड्याची चाचणी

मंडळी, या बसून घ्या. चहा येतोय. मागच्या पंधरा दिवसांत पॅन्ट्रीत जी कुजबुज चालली होती, ती खरी आहे. 7 जुलै, मंगळवारपासून बारा आठवडे आपण चार दिवसांचा आठवडा करून बघणार आहोत. शेवटचा दिवस शनिवार, 26 सप्टेंबर.

पहिल्यांदा पैशाचं सांगतो, म्हणजे पुढचं नीट ऐकाल. पगार आहे तोच. पीएफ, बोनस, शिल्लक रजा, कशालाही हात लागणार नाही.

आता तास. सध्या साडेनऊ ते सहा, जेवणाचा अर्धा तास वगळून आठ तास, पाच दिवस, म्हणजे 40. चाचणीत नऊ ते साडेसहा, नऊ तास, चार दिवस, म्हणजे 36. काही ठिकाणी जुनेच सगळे तास चार दिवसांत कोंबतात. बेल्जियमने 2022 मध्ये कायद्याने दिलेली सवलत साधारण तशीच आहे. ते मला नको. दहा तास स्क्रीनसमोर बसून मापं टाकली की संध्याकाळी 6 चा 8 दिसायला लागतो, आणि तो 8 मग फौंड्रीत जाऊन लोखंडाचा होतो. कागल आणि इचलकरंजीहून एसटीने येणाऱ्यांनी साडेआठ ते सहा धरलं तरी चालेल, फक्त एकदा ठरवा आणि मला सांगा.

मग हे चार तास कुठून आणायचे? तीन आठवडे मी वही घेऊन बसलो होतो, हे तुम्हाला माहीत आहे. काहींना वाटलं मी लेट मार्क लिहितोय. मी वाया जाणारा वेळ लिहीत होतो. माणशी आठवड्याला दीड तास सोमवारच्या मीटिंगमध्ये, जिथे वीस जण ऐकतात आणि दोघं बोलतात. त्यातला एक मी. सुमारे दीड तास बरोबर फाईल शोधण्यात. आणि तासाहून जास्त माझ्या सहीची वाट बघण्यात. हे तिसरं लिहिताना मला बरं वाटलं नाही, पण वहीत आहे.

फाईलचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. मार्चमध्ये पंप हाउसिंगच्या फोल्डरमध्ये `PumpHousing_Final.dwg`, `PumpHousing_Final_2.dwg` आणि `PumpHousing_Final_New.dwg` अशा तीन फाईली होत्या. आपण मधली पाठवली. पॅटर्नवाल्याने लाकूड कापलं, आणि बोअर 4 मिलिमीटरने लहान निघाला. तो पॅटर्न अजून माझ्या टेबलाखाली आहे, रोज पायाला लागतो. आता नाव एकाच पद्धतीने: भागाचा क्रमांक आणि आवृत्ती, `PH-114_R3.dwg`. ‘फायनल’ हा शब्द ऑफिसातून हद्दपार. मीटिंग बुधवारी, उभ्याने, पंचवीस मिनिटं. सह्या मी रोज अकराला आणि चारला करणार. त्या वेळी मी जागेवर नसेन, तर चेकरची सही चालेल.

आता सुट्टी कुठली, यावर सगळ्यांचे कान आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावातले आपले बरेचसे ग्राहक सोमवारी बंद असतात आणि शनिवारी जोरात चालतात. आपण नेमकं उलटं करतो: सोमवारी इथे बसून त्यांच्या फोनची वाट बघतो आणि शनिवारी त्यांचे फोन वाजू देतो. म्हणून ऑफिस आता मंगळवार ते शनिवार. आपण बावीस जण आहोत, त्याचे दोन गट. पहिला गट मंगळवार ते शुक्रवार, दुसरा बुधवार ते शनिवार. दोघांनाही सलग तीन दिवस मिळतात, आणि बुधवार, गुरुवार, शुक्रवार सगळे एकत्र असतात. ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांना शनिवार हवा असणार, हे कळतं. म्हणून सहा आठवड्यांनी गट बदलतील. कोणाच्या घरी खरंच अडचण असेल तर आपसात अदलाबदल करा, मला फक्त कळवा.

चार चेकरपैकी दोन एका गटात, दोन दुसऱ्यात. प्रत्येक कामाला दुसऱ्या गटातला एक जोडीदार. शुक्रवारी पाचला पहिल्या गटाने जोडीदाराला काम सोपवायचं: फाईल कुठे, काय अडलंय, ग्राहकाला काय शब्द दिलाय. तीन ओळी पुरेत. शनिवारी दुसऱ्या गटाने तेच मंगळवारसाठी लिहून ठेवायचं. पुण्याचे दोन ग्राहक सोमवारी चालू असतात. त्यांच्यासाठी पाळीने एक जण दहा ते एक घरून फोन घेईल आणि त्या आठवड्यात अर्धा दिवस सुट्टी घेईल.

मावशी आणि वॉचमनकाका कंत्राटदाराकडून येतात. आपल्याला सुट्टी आणि त्यांना खाडा, असं होणार नाही. त्यांनाही चारच दिवस, पैसे पूर्ण, फरक ऑफिस भरेल. मावशी शनिवारी नसतील. त्या दिवशी आपापले कप आपण धुवायचे, मीसुद्धा.

सार्वजनिक सुट्टी तुमच्या कामाच्या दिवशी आली तर मिळेल, नाही आली तर बदली सुट्टी नाही. गणेश चतुर्थी सोमवारी आहे. हो, माहीत आहे. नाराज व्हा. अनंत चतुर्दशी शुक्रवारी आहे, तिथे भरपाई झाली समजा.

आणि पावसाचं. 2019 आणि 2021 आपण बघितलंय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला गेली की शिरोळ, हातकणंगलेकडच्यांनी निघायचंच नाही, घरून काम. रस्ते बंद झाले तर तो आठवडा हिशोबात धरणार नाही आणि चाचणी तेवढी पुढे नेऊ.

हिशोब कसला, ते सांगतो. ब्रिटनमध्ये 2022 साली 61 कंपन्यांनी सहा महिने असा प्रयोग केला आणि संपल्यावर 56 जणांनी तो पुढे चालू ठेवला. वाचून मला हुरूप आला, पण त्यातल्या कोणी शिरोलीच्या फौंड्रीला ड्रॉइंग दिलेलं नाही. आपले आकडे आपण काढायचे. वेळेवर गेलेली ड्रॉइंग: गेल्या वर्षी याच तीन महिन्यांत शंभरातली 91 होती. आपल्या चुकीने परत आलेली: शंभरात 6. आणि तिसरा आकडा, सुट्टीच्या दिवशी किंवा साडेसहानंतर कोणी किती काम केलं. दर बुधवारी तिन्ही आकडे पॅन्ट्रीच्या फळ्यावर लागतील. तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात तुम्ही बिननावाची चिठ्ठी डब्यात टाकायची. ग्राहकांना मी स्वतः फोन करणार. ते गोड बोलणार नाहीत, तुम्ही ओळखता त्यांना.

सलग तीन आठवडे वेळेवरची ड्रॉइंग 86 च्या खाली गेली, तर चाचणी तिथेच थांबवून पुन्हा पाच दिवस. शेवटचा निर्णय मी एकटा घेणार नाही. प्रत्येक गटाने एक माणूस निवडायचा, एक अकाउंट्सचा आणि मी, असे चौघं बसू. काय ठरलं आणि का, हे बुधवारी, 7 ऑक्टोबरला इथेच सांगू. अर्धवट जमलं, तर अर्धवट चालू ठेवायलाही माझी ना नाही.

एकाच गोष्टीची मला भीती आहे. तुमच्यातले तिघं-चौघं असे आहेत की सोमवारी घरी लॅपटॉप उघडून गुपचूप काम उरकतील, म्हणजे फळ्यावरचा आकडा चांगला दिसेल. नावं घेत नाही, ते आत्ता खाली बघतायत. तसं केलंत तर 36 तासांत काम होतं असं आपण मानू, आणि ते खोटं असेल. चार तास वाचले नाहीत तर वाचले नाहीत असं दिसू दे. मग काम कमी घेऊ किंवा माणूस वाढवू. पण ते मला फळ्यावर दिसलं तरच मी वर जाऊन मागू शकतो.

गटांची यादी दारापाशी लावलीय, पेन तिथेच बांधलंय. बदल असेल तर शुक्रवारपर्यंत लिहा. चहा आला. आता विचारा.