सपोर्ट टीममधल्या ११ पोस्ट बंद होतायत: निवड, सेव्हरन्स आणि शेवटचा दिवस

नमस्कार,

१ ऑक्टोबर २०२५. आधी मुद्द्याचं सांगतो. हा मेल ज्या ११ जणांना आलाय त्या सगळ्यांची पोस्ट कंपनीच्या रिस्ट्रक्चरिंगमध्ये बंद होतेय आणि तुमचा नोकरीचा शेवटचा दिवस शुक्रवार, ३१ ऑक्टोबर २०२५ असेल. सकाळी प्रत्येकाशी फोनवर बोललो, पण अशा वेळी निम्मं डोक्यात शिरतच नाही, म्हणून सगळं इथे लिहून देतोय.

का, ते थोडक्यात. फोन आणि चॅट अशा दोन वेगळ्या टीम चालवण्याइतकं काम आता राहिलं नाही, मोठ्या दोन क्लायंटनी फोन सपोर्ट बंद केला, त्यामुळे १ नोव्हेंबरपासून एकच टीम असणार आणि ३४ ऐवजी २३ जागा राहणार.

आता तुमचंच नाव का, हा प्रश्न प्रत्येकाने विचारला आणि तो विचारायलाच हवा. दोन्ही टीममधल्या ३४ही जणांना एकाच यादीत घेतलं, कुणाला आधीच बाजूला काढून ठेवलं नाही. मार्क तीन गोष्टींवर दिले: फोन आणि चॅट दोन्ही सांभाळता येतं का, बिलिंगच्या अवघड तक्रारी वरच्या लेव्हलला न पाठवता सोडवता येतात का, आणि मागच्या दोन वर्षांचे रिव्ह्यू. मार्क सारखे आले तिथे ज्याची नोकरी जुनी तो राहिला. ज्यांना चॅटचं ट्रेनिंग कंपनीने कधी दिलंच नव्हतं त्यांना त्या मुद्द्यावर टीमची सरासरी दिली, शून्य नाही. आजारपणाची रजा, मॅटर्निटी लीव्ह, पार्ट टाइम शिफ्ट, पगार किती, यातलं काहीही धरलेलं नाही. मी मार्क दिले आणि फायनान्स आणि एचआरमधल्या दोघांनी नावं झाकून ते परत तपासले. तरी ११ पैकी ८ जण फोन टीमचेच आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही, काम तिथलंच कमी झालंय. हे कामात कमी पडल्याबद्दल काढणं नाही आणि रिलीव्हिंग लेटरवर कारण 'पोस्ट रद्द' एवढंच असेल.

स्वतःचे मार्क बघायचे असतील तर एचआरकडे मागा, दोन दिवसांत मिळतील. निर्णय चुकीचा वाटला तर ८ ऑक्टोबरपर्यंत लेखी कळवा, दुसऱ्या विभागाचा प्रमुख तो बघेल, मी त्यात नसेन.

पैशांचं. ऑक्टोबरचा पूर्ण पगार, उरलेल्या रजेचे पैसे आणि जुलै ते सप्टेंबरचा इन्सेन्टिव्ह हे तुमचं कमावलेलं आहे, ते कुठल्याही कागदावर सही न करता मिळणार. सेव्हरन्स त्याच्या वर: नोकरीच्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचा ग्रॉस पगार, शेवटच्या वर्षात सहा महिने किंवा जास्त झाले असतील तर ते पूर्ण वर्ष धरायचं, आणि कमीत कमी दोन महिने. म्हणजे ४ वर्षं ८ महिने झालेल्याला ५ वर्षं धरून ७५ दिवस, म्हणजे अडीच महिन्यांचा पगार, आणि वर्षभरच झालेल्यालाही दोन महिन्यांचा. टॅक्स कापला जाईल, त्यामुळे हातात येणारा आकडा कमी दिसेल, तुमच्या नावाचा हिशोब सोबत जोडलाय, त्यात दोन्ही आकडे वेगळे दाखवलेत. कंपनीचं लोन असेल तर बाकी एकदम वळती करणार नाही, हप्ते चालू राहतील.

सेव्हरन्ससाठी मात्र सेटलमेंटच्या कागदावर सही लागते. आज करू नका. घरी न्या, वकिलाला दाखवा, ७ नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे. सगळे पैसे १४ नोव्हेंबरला खात्यात जमा होतील. हेल्थ इन्शुरन्स, घरच्यांसकट, ३१ जानेवारीपर्यंत कंपनी भरेल.

शिफ्ट १७ ऑक्टोबरपर्यंतच. ओपन तिकिटं तोपर्यंत शिफ्ट लीडच्या नावावर टाका, तिकिटात कस्टमरला काय कबूल केलंय तेवढी एक ओळ लिहा, मोठं हँडओव्हर डॉक्युमेंट नको. त्यानंतर ३१ तारखेपर्यंत पगार चालू, काम नाही, इंटरव्ह्यूला जा. आधीच दुसरीकडे जॉइन व्हायचं असेल तर कळवा, पगार त्या दिवसापर्यंतचा मिळेल, सेव्हरन्स तेवढाच राहील. सिस्टिमचा अ‍ॅक्सेस १७ तारखेला संध्याकाळी बंद होईल, मेल मात्र ३१ पर्यंत चालू, म्हणून पगाराच्या स्लिपा आणि स्वतःची कागदपत्रं आधीच उतरवून घ्या (हे नेहमी शेवटच्या तासाला आठवतं). लॅपटॉप आणि हेडसेट न्यायला कुरिअर घरी येईल.

पुढच्या सहा महिन्यांत टीममध्ये जागा निघाली तर आधी तुम्हाला फोन जाईल, पण जागा निघेलच असं मी सांगत नाही, त्यावर बसून राहू नका. रेफरन्स हवा असेल तर माझा नंबर बिनधास्त द्या.

उद्या आणि परवा दुपारी ३ ते ६ मी आणि एचआर फक्त तुमच्यासाठी मोकळे आहोत. टीममधल्या बाकीच्यांना उद्या सकाळी १० वाजता सांगणार आहे, तुमची नावं न घेता, कुणाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

विभागप्रमुख, कस्टमर सपोर्ट