विषय: अकाउंट्स फोल्डर फक्त दोघांपुरता करून देण्याबाबत

संदेशबाब, नमस्कार.

फोंड्याच्या दुकानातल्या मुख्य कॉम्प्युटरवरचा `D:\Accounts` हा फोल्डर यापुढे फक्त दोघांनाच उघडता यायला हवा: मला आणि हिशेब बघणाऱ्या नमिताबायना. बाकी कोणालाही बदल करणं सोडाच, आतलं वाचताही येता कामा नये.

गेल्या मंगळवारी काउंटरवरचा मुलगा रंगांचं दरपत्रक शोधत होता, त्याला पगाराची शीट सापडली. त्याची चूक नाही, फोल्डर सगळ्यांना मोकळाच होता. पण दुपारपर्यंत कोणाचा पगार किती, कोणी किती उचल घेतली, हे सगळ्या दुकानाला कळलं. एकाने आईच्या औषधपाण्यासाठी उचल घेतली होती. तो दोन दिवस कोणाशी धड बोलला नाही. त्याने विश्वासाने मला सांगितलेली गोष्ट माझ्याच दुकानात फुटली, हे मला फार लागलं आहे.

सध्या सगळे एकाच `office` लॉगिनने काम करतात. ते राहिलं तर कुलूप लावूनही किल्ली सगळ्यांकडेच, म्हणून नमिताबायना आणि मला वेगळं लॉगिन द्या. फोल्डरच्या Sharing आणि Security या दोन्ही ठिकाणांहून `Everyone`, `Users` आणि `Authenticated Users` काढा, आणि D ड्राइव्हवरून आपोआप येणाऱ्या परवानग्याही तोडा. `Everyone` ला Deny मात्र लावू नका, त्यात आम्ही दोघंही अडकू. फोल्डर नुसता लपवून चालणार नाही.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे टॅलीचा डेटा याच फोल्डरमध्ये आहे आणि काउंटरवरची बिलं त्यातच होतात. आधी बॅकअप घ्या, तो डेटा बाहेर वेगळ्या जागी हलवा, टॅलीत नवा पाथ द्या, आणि मगच इथे कुलूप लावा. नाहीतर सोमवारी सकाळी गिऱ्हाईक उभं आणि बिल निघेना, असं होईल. काउंटरच्या टॅली युजरला फक्त विक्रीच्या नोंदी करता याव्यात, ताळेबंद दिसू नये.

रोज रात्री बॅकअप घेतो त्या यूएसबी डिस्कवर या फोल्डरची पूर्ण प्रत असते. तिला पासवर्ड लावून द्या. काउंटरच्या कॉम्प्युटरवर, डेस्कटॉपवर कोणी शीटची प्रत ठेवली असेल तर तीही शोधा, पण मला दाखवल्याशिवाय काही पुसू नका.

रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा या. १० आणि ११ तारीख मात्र टाळा, जीएसटीआर-१ ची घाई असते. काम झाल्यावर काउंटरच्या लॉगिनने फोल्डर उघडून बघू, नकार आला तरच काम पूर्ण धरू. Security चा स्क्रीनशॉटही मला पाठवा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलून बंद पाकिटात माझ्याकडे द्या. पुढे कोणीही फोनवर ‘मालकांनी सांगितलंय’ म्हणून परवानगी मागितली, तर मला विचारल्याशिवाय देऊ नका.

किती वेळ आणि खर्च लागेल ते उद्यापर्यंत कळवा.

आपला,
सुहास