सुशीला: ७५ सेकंदांची रील, शूटिंगची प्रत

उभी रील. जागा लातूर, घरचाच ओटा. सकाळी साडेसात ते साडेआठ, खिडकीतलं ऊन ओट्यावर असतं तेवढ्यातच उरकायचं. नंतर ट्यूबलाईट लावली की हळद हिरवट दिसते. माझा आवाज मागाहून भरू, पण फोडणीचा आवाज खराच घ्यायचा आहे, त्यामुळे शूट चालू असताना पंखा बंद. बाळा, फोन तू धर, कोपर ओट्याला टेकवून. हात दिसतील ते आजीचे. माझ्यापेक्षा तिचा हात चुरमुऱ्यांना बरोबर बसतो, आणि तिच्या हिरव्या बांगड्या छान दिसतात.

पाट्यांचं आधीच सांगते. धपाट्यांच्या रीलला आपण सगळं साहित्य एकाच पाटीवर दोन सेकंदांत दाखवलं आणि आठ दिवस सगळ्या मावश्या-काकू फोन करून "ज्वारीचं पीठ किती घेतलंस गं?" विचारत बसल्या. या वेळी जिन्नस कढईत पडेल तेव्हाच त्याचं नाव आणि माप, आणि कुठलीही पाटी अडीच सेकंदांच्या आत काढायची नाही. पांढरी अक्षरं, काळी कड. खालचा पाव भाग आणि उजवी बाजू मोकळी सोड, तिथं कॅप्शन आणि बटणं येतात.

०:००–०:०४
दृश्य: वाफाळती ताटली अगदी जवळून, वरून लिंबू पिळला जातोय.
आवाज: "'सुशीला खाणार का?' असं विचारलं की पुण्याचा पाहुणा दचकतोच!"
पाटी: सुशीला, मराठवाड्याचा नाष्टा

०:०४–०:०९
दृश्य: परातीत चुरमुरे ओतताना. खळखळ ऐकू येऊ दे, आवाज कमी करू नको.
आवाज: "बाई नाही हो, नाष्टा आहे. चुरमुऱ्यांचा. पोह्यांसारखा, पण पोटाला हलका."
पाटी: चुरमुरे २०० ग्रॅम, ४ जणांना

०:०९–०:१६
दृश्य: मिक्सरच्या भांड्यातली रवाळ पूड, आजीच्या बोटांत चोळून दाखवलेली.
आवाज: "आधी डाळवं. चिवड्यात घालतो तेच. मिक्सरला दोनदाच फिरवा, रवाळ राहू द्या, पार पीठ नको."
पाटी: डाळवं अर्धी वाटी, जाडसर पूड
इथं घाई करू नको. पुष्कळ जण डाळवं घालतच नाहीत आणि मग सुशीला गिचका झाली म्हणून चुरमुऱ्यांना शिव्या देतात. चुरमुऱ्यांत उरलेलं पाणी ही पूडच शोषते. ती नसेल तर ताटलीत नुसते ओले चुरमुरे येतात.

०:१६–०:३४, फोडणी
तुकडे झटपट कापायचे, प्रत्येकी तीन सेकंद.
दृश्य: लोखंडी कढईत तेल, शेंगदाणे तळून बाहेर काढले. मग मोहरी तडतडते.
आवाज: "शेंगदाणे तळून बाजूला काढा, म्हणजे कुरकुरीत राहतात. त्याच तेलात मोहरी, जिरं, हिंग."
पाटी: तेल ४ मोठे चमचे, शेंगदाणे अर्धी वाटी
पाटी: मोहरी, जिरं अर्धा-अर्धा चमचा, हिंग चिमूटभर
दृश्य: मिरच्या आणि कढीपत्ता पडतो. इथं माझं बोलणं पूर्ण थांबेल, दोन सेकंद नुसता चर्र आवाज.
पाटी: हिरव्या मिरच्या ६, कढीपत्ता १ काडी
दृश्य: कांदा, मग हळद. उलथन्यानं दोन वळसे.
आवाज: "कांदा मऊ झाला, की हळद. कांदा लाल करू नका."
पाटी: कांदे २, हळद अर्धा चमचा
सहा मिरच्या बघून कुणी घाबरेल. लवंगी असेल तर चार घ्या असं कॅप्शनमध्ये टाकू, रीलमध्ये वेळ नाही.

०:३४–०:५०, भिजवणं
रील या सोळा सेकंदांवर उभी आहे, म्हणून हा तुकडा दोनदा शूट करू.
दृश्य: पातेल्यातलं पाणी, चुरमुरे दाबून बुडवले. नळ सोडून त्याखाली चुरमुरे धुताना दाखवायचं नाही. २०१६ साली याच शहरात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, आपल्याकडच्या बाईला वाहता नळ बघवत नाही.
आवाज: "आता चुरमुरे पाण्यात. कांदा व्हायच्या आधी पाणी लावलंत, तर लगदा झालाच समजा."
पाटी: पाण्यात फक्त २० सेकंद
दृश्य: आजी दोन्ही तळव्यांत मूठभर चुरमुरे घेऊन दाबते, पाणी निथळतं. तळवा उघडते तेव्हा चुरमुरा अखंड दिसला पाहिजे. फोन जवळ ने, अगदी तळहाताच्या रेषा दिसतील इतका.
आवाज: "असे दाबायचे. पिळायचे नाहीत. दाणा मऊ, पण मोडलेला नाही."
पाटी: दाबा, पिळू नका
टपोरे, जाड चुरमुरे असतील तर वीसऐवजी चाळीस सेकंद लागतात. हेही कॅप्शनमध्ये.

०:५०–१:०४
दृश्य: चुरमुरे कढईत, खालून वर उलथनं. मग डाळव्याची पूड भुरभुरताना.
आवाज: "गॅस बारीक. मीठ बेतानं, चुरमुरे आधीच खारे असतात. आता डाळव्याची पूड, तळलेले शेंगदाणे. झाकण ठेवा, दोन मिनिटं, बस्स."
पाटी: मीठ पाव चमचा, मग चव बघून
पाटी: साखर अर्धा चमचा, हवी तर
साखरेवरून आजीचं आणि माझं पटत नाही. ती घालत नाही. म्हणून "हवी तर".
दृश्य: झाकण उघडल्यावर वाफ, वरून कोथिंबीर.

१:०४–१:१५, वाढताना
दृश्य: स्टीलची ताटली. मधे सुशीला, बाजूला चमचाभर घट्ट दही, लिंबाची फोड, कच्चा कांदा.
आवाज: "वाढायची कढईतून थेट ताटलीत, गरमच. दही वरून ओतू नका, कडेला ठेवा, घासाघासाला लावून खा. शेव घालायची तर ज्यानं त्यानं आपल्या ताटलीत, अगदी खाताना."
पाटी: दही कडेला, लिंबू वरून, शेव शेवटी
शेवटचा तुकडा: आजी पहिला घास घेते आणि कॅमेऱ्याकडे न बघता म्हणते, "मीठ बरोबर आहे." तेवढं तिच्याच आवाजात ठेव. ती दुसरं काही बोलली तर तेच ठेव.

कॅप्शन
सुशीला, ४ जणांना. चुरमुरे २०० ग्रॅम, डाळव्याची जाडसर पूड अर्धी वाटी, कांदे २, हिरव्या मिरच्या ६ (लवंगी असतील तर ४), शेंगदाणे अर्धी वाटी, तेल ४ मोठे चमचे, मोहरी, जिरं आणि हळद अर्धा-अर्धा चमचा, हिंग, कढीपत्ता, कोथिंबीर, लिंबू, मीठ बेतानं, साखर हवी तर. पातळ चुरमुरे २० सेकंद, टपोरे ४० सेकंद भिजवा. डब्यात न्यायची असेल तर डाळव्याची पूड एक चमचा कमी घाला, थंड झाल्यावर सुशीला कोरडी पडते. तुमच्या घरी हिला सुशीला म्हणतात की सुसला, ते लिहा.